एक तारा जास्त म्हणजे नेमकं काय जास्त?

भाचीचा फोन आला तेव्हा तिने दोन हॉटेलं निवडून ठेवली होती. दोन्ही युरोपातल्या एकाच शहरात, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर. एक थ्री स्टार, दुसरं फोर स्टार. तिचा हा पहिलाच परदेश प्रवास, आणि सोबत तिची आई, म्हणजे माझी ताई. ताईचं वय ६८, गुडघे दुखतात, झोप सावध. विमान रात्री पावणेअकराला उतरणार, म्हणजे सामान घेऊन हॉटेलवर पोहोचेपर्यंत साडेअकरा तरी वाजणार.

"मामा, मी फोर स्टारच घेते," ती म्हणाली. "एक तारा जास्त आहे म्हणजे सगळंच थोडं जास्त चांगलं असणार ना?"

मी बरीच वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलं आहे. हाच समज मनात धरून आलेले आणि पहिल्याच रात्री हिरमुसलेले कितीतरी पाहुणे मी पाहिले. हॉटेलने त्यांना फसवलेलं नसायचं. तारे खरेच असायचे. फक्त पाहुण्याने ताऱ्यांकडून ज्या गोष्टीची खात्री धरलेली असायची, तिच्याबद्दल तारे काही बोलतच नसत. म्हणून मी तिला म्हटलं, बुकिंग करायच्या आधी थोडा वेळ बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे तारे कोणी दिले ते बघायचं. जगभर चालेल असा ताऱ्यांचा एकच नियम कुठेही नाही. फ्रान्समध्ये मान्यताप्राप्त तपासनीस संस्था हॉटेल तपासते आणि अतू फ्रान्स ही सरकारी पर्यटन संस्था दर्जा जाहीर करते. हा दर्जा ५ वर्षं टिकतो. इटलीत आणि स्पेनमध्ये नियम प्रांताप्रांतानुसार बदलतात. जर्मनीत हॉटेल व्यावसायिकांची संघटना तारे देते आणि दर ३ वर्षांनी पुन्हा तपासणी होते. भारतात पर्यटन मंत्रालयाची समिती हे काम करते, आणि तिथे फाइव्ह स्टारच्या वर फाइव्ह स्टार डिलक्स असाही वर्ग आहे. अमेरिकेत सरकार तारे देतच नाही. तिथे खासगी मार्गदर्शक संस्था आपापले निकष लावतात. त्यांतली जुनी संस्था १९५८ मध्ये मोबिल ट्रॅव्हल गाइड या नावाने सुरू झाली आणि आज फोर्ब्स ट्रॅव्हल गाइड म्हणून ओळखली जाते. तिचे तपासनीस ओळख न देता राहून येतात आणि सोयींपेक्षा सेवेला जास्त वजन देतात. त्यामुळे तिच्या यादीतले चार तारे आणि एखाद्या देशाच्या सरकारी यादीतले चार तारे यांची तुलना होऊ शकत नाही.

अनेक देशांत ही तपासणी ऐच्छिक असते, हेही ध्यानात ठेवायला हवं. एकही तारा नसलेलं हॉटेल वाईटच असेल असं नाही. त्याने अर्ज केलेला नसेल, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

सेव्हन स्टार हॉटेल असा शब्द भाचीने कुठेतरी ऐकला होता. दुबईचं बुर्ज अल अरब १९९९ मध्ये सुरू झालं तेव्हा तो वर्तमानपत्री लिखाणातून पसरला. अधिकृत मोजणीत तारे पाचलाच थांबतात.

आता तिची दोन्ही हॉटेलं ज्या पद्धतीखाली येत होती, तिच्याकडे वळू. तिचं नाव हॉटेलस्टार्स युनियन. २००९ मध्ये युरोपातल्या ७ देशांच्या हॉटेल संघटनांनी एकत्र येऊन एक सामायिक यादी ठरवली आणि पुढे आणखी देश तिच्यात आले. या यादीत दोनशेहून अधिक मुद्दे आहेत आणि दर काही वर्षांनी ती सुधारली जाते. तपासनीस हॉटेलात जातो, यादी हातात घेतो आणि एकेका मुद्द्यावर खूण करत पुढे जातो. प्रत्येक खोलीत शॉवर आणि संडास आहे का? पलंगाशेजारी वाचायचा दिवा आहे का? केस वाळवायचं यंत्र, पूर्ण उंचीचा आरसा, सामान ठेवायला जागा आहे का?

या प्रश्नांची उत्तरं 'आहे' किंवा 'नाही' अशीच येतात, आणि ताऱ्यांचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत सामावलेला आहे. दिवा आहे का, हे तपासता येतं. त्याच्या उजेडात डोळ्यांना त्रास न होता वाचता येतं का, हे प्रत्येकाचं वेगळं. मोजता येईल तेवढंच यादीत येतं, कारण दोन वेगवेगळ्या तपासनिसांचं उत्तर एकच आलं पाहिजे. रिसेप्शनवरची बाई दमलेल्या पाहुण्याशी कशी बोलते, याचं उत्तर दोघांचं एक येणं अवघड. म्हणून या पद्धतीत ओळख न देता राहून सेवा तपासणाऱ्या पाहुण्याची अट अगदी वरच्या पायरीवर, फाइव्ह स्टारला लागू होते. खाली ती सक्तीची नाही. थ्री स्टारवाल्याची वागणूक वाईट असते असा याचा अर्थ मुळीच नाही, मी अतिशय आपुलकीची थ्री स्टार हॉटेलं पाहिली आहेत. फक्त ती आपुलकी ताऱ्यांत मोजलेली नसते.

भाचीने विचारलं, "मग तीन आणि चारमध्ये फरक काय?"

या यादीच्या २०१५ ते २०२० या काळातल्या आवृत्तीतलं एक उदाहरण मी तिला दिलं, कारण ते तिच्याच कामाचं होतं. थ्री स्टारला रिसेप्शन रोज १४ तास उघडं ठेवायची अट होती, फोर स्टारला १८ तास आणि फाइव्ह स्टारला २४ तास. थ्री आणि फोर स्टारला रिसेप्शन बंद असतानाही फोनवर कोणीतरी चोवीस तास मिळालंच पाहिजे, हेही होतं. आता १४ तास म्हणजे काय ते बघ. सकाळी ७ ला उघडलं तर रात्री ९ ला बंद. १८ तास म्हणजे सकाळी ६ ते रात्री १२. तू पोहोचणार साडेअकराला. एका ठिकाणी दार उघडायला माणूस असेल, दुसऱ्या ठिकाणी नसेल. इथे तो एक तारा तुला खरोखरच काहीतरी सांगतो आहे, आणि तेही लेखी अट म्हणून.

त्याच आवृत्तीत फोर स्टारला बाकी काय वाढत होतं? बसायला गादीची खुर्ची किंवा छोटा सोफा आणि त्याला टेकून टेबल, मागितल्यावर बाथरोब आणि सपाता, मिनीबार किंवा चोवीस तास खोलीत पेय आणून द्यायची सोय, बसायला जागा असलेली लॉबी. ही यादी ऐकून ती थोडी थांबली आणि म्हणाली, "यातलं आईला काहीच नकोय."

हे तिने स्वतःहून म्हटलं याचा मला आनंद झाला. तारा वाढतो तेव्हा बहुतेक वेळा वस्तू आणि सेवेचे तास वाढतात. झोप शांत लागेल, पाणी धो धो येईल, गादी पाठीला मानवेल, हे त्या वाढीत आपोआप येत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि हॉटेल व्यवसायाबाहेरच्या फार थोड्या लोकांना तो माहीत असतो. प्रत्येक ताऱ्याच्या अटी दोन प्रकारच्या असतात. काही मुद्दे सक्तीचे, त्यांतला एक जरी चुकला तरी तो तारा नाही. पण तेवढ्याने भागत नाही. ठरावीक एकूण गुणही जमवावे लागतात, आणि ते गुण कुठून जमवायचे हे हॉटेलच्या मर्जीवर असतं. एखादं हॉटेल सॉना, व्यायामशाळा आणि बैठकीच्या खोल्या बांधून गुण मिळवतं. दुसरं हॉटेल चांगल्या गाद्या, आवाज अडवणाऱ्या खिडक्या आणि खोलीत पूर्ण अंधार करणारे पडदे लावून तेवढेच गुण मिळवतं. दोघांच्याही दारावर चार तारे. सावध झोप असलेल्या ताईसाठी दुसरं हॉटेल कितीतरी पटीने बरं, आणि बाहेरची पाटी दोघांची सारखीच.

म्हणून मी तिला सांगितलं की ताऱ्यांचा आकडा बाजूला ठेव आणि हॉटेलच्या पानावरची सोयींची यादी वाच. गुण कुठून आले असतील याचा अंदाज तिथे येतो. सभागृह, पोहण्याचा तलाव, बार अशाच गोष्टींनी यादी भरली असेल आणि पलंग, खिडकी, पडदे यांबद्दल अवाक्षर नसेल, तर तो पैसा झोपेवर खर्च झालेला नाही असं धरून चाल.

यादी वाचता वाचता तिला थ्री स्टारच्या नावापुढे 'सुपिरियर' असा शब्द दिसला. तिला वाटलं, जाहिरातीसाठी लावलेलं विशेषण असेल. पण या पद्धतीत सुपिरियर ही अधिकृत खूण आहे. हॉटेलने आपल्या ताऱ्यासाठी लागतात त्याहून बरेच जास्त गुण मिळवलेले असतात, पण वरच्या ताऱ्याची एखादी सक्तीची अट अडते, तेव्हा त्याला ही खूण मिळते. असं समज की एका हॉटेलच्या गाद्या, खिडक्या, न्याहारी सगळं वरच्या दर्जाचं आहे, पण ते एक कुटुंब चालवतं आणि रात्री ९ नंतर रिसेप्शनवर बसायला माणूस नाही. ते तीन ताऱ्यांवरच राहणार. तेव्हा थ्री स्टार सुपिरियर दिसलं की नेमकी कोणती अट अडली असेल ते शोधायचं. ती आपल्याला नको असलेली गोष्ट असेल तर कमी ताऱ्यांत चांगली खोली मिळून जाते. आणि तीच गोष्ट आपल्याला हवी असेल तर मात्र सावध व्हायचं. भाचीच्या बाबतीत बहुधा रात्रीचं रिसेप्शनच अडलं होतं, म्हणजे नेमकी तिच्या पहिल्या रात्रीची गरज.

खोलीच्या आकाराबद्दलही मोठा गैरसमज असतो. फ्रान्सच्या नियमांत दोघांच्या खोलीला किमान क्षेत्रफळाची अट आहे. वन स्टारला ९ चौरस मीटर, थ्री स्टारला बाथरूम धरून १३.५, फोर स्टारला १६ आणि फाइव्ह स्टारला २४. फुटांत सांगायचं तर ९ चौरस मीटर म्हणजे जेमतेम ९७ चौरस फूट आणि २४ म्हणजे सुमारे २५८. म्हणजे फ्रान्समध्ये तारा वाढला की खोली निदान कागदावर तरी मोठी होते. हॉटेलस्टार्सच्या यादीत मात्र खोलीचा आकार हा गुण मिळवण्याचा एक मार्ग आहे. मोठी खोली असेल तर जास्त गुण, नसेल तर हॉटेल ते गुण दुसरीकडून मिळवू शकतं. त्यामुळे या पद्धतीतलं फोर स्टार हॉटेल लहान खोल्यांचंही असू शकतं. जुन्या शहरांच्या मध्यवस्तीतल्या इमारतींत भिंती हलवता येत नाहीत, तिथे हे हमखास दिसतं. खोलीच्या वर्णनात चौरस मीटर दिलेले असतात. फोटो कोपऱ्यातून रुंद भिंगाने काढलेला असतो, त्यामुळे डोळ्यांपेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

आणखी एक. तारे सगळ्या हॉटेलला मिळतात, तुमच्या खोलीला नाहीत. त्याच फोर स्टार हॉटेलात बागेकडे तोंड असलेली प्रशस्त खोली असते आणि लिफ्टच्या यंत्राला लागून असलेली सर्वांत स्वस्त खोलीही असते. किमान अट दोन्ही पूर्ण करतात. स्वस्तातली खोली घेणाऱ्याने त्या किमान अटीवरच समाधान मानायची तयारी ठेवावी, कारण फोटो बहुतेक वेळा पहिल्या खोलीचा असतो.

काळाचाही विचार करावा लागतो. ३ किंवा ५ वर्षं म्हणजे हॉटेलच्या आयुष्यात खूप मोठा काळ. तेवढ्यात गाद्या खचतात, मालक बदलतो, शेजारी इमारतीचं बांधकाम सुरू होतं. दारावरच्या अधिकृत पाटीवर संस्थेचं नाव असतं, काही पाट्यांवर मुदतीचं सालही असतं. पण घरबसल्या बुकिंग करणाऱ्याला पाटी दिसत नाही. त्याला दिसतात ते बुकिंगच्या संकेतस्थळावरचे तारे, आणि ते प्रत्येक वेळी अधिकृत असतातच असं नाही. काही ठिकाणी हॉटेलने स्वतः सांगितलेला आकडा छापलेला असतो, काही ठिकाणी संकेतस्थळाने स्वतःच्या हिशोबाने दिलेला. काही संकेतस्थळं यांत फरक दाखवण्यासाठी वेगळी चिन्हं वापरतात. चिन्हावर बोट ठेवलं की बहुधा दोन ओळींचा खुलासा उघडतो. तो वाचायचा आणि मग त्या देशाच्या अधिकृत यादीत हॉटेलचं नाव शोधायचं. हॉटेलस्टार्सच्या आणि फ्रान्सच्या याद्या कोणालाही पाहता येतात. तिथे तेच नाव आणि तेवढेच तारे सापडले तर निदान पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भाचीने पाहिलं, दोन्ही हॉटेलं यादीत होती.

मग ती पाहुण्यांनी दिलेल्या गुणांकडे वळली. थ्री स्टारला दहापैकी ८.९, फोर स्टारला ८.२. तिचा गोंधळ आणखी वाढला. हे दोन आकडे एकमेकांशी भांडत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पाहुणा गुण देतो तो आपल्या अपेक्षेच्या आणि मोजलेल्या पैशांच्या मानाने. थ्री स्टारमध्ये आलेल्याला स्वच्छ खोली आणि गरम न्याहारी मिळाली की तो खूश होऊन ९ देतो. फोर स्टारमध्ये आलेला तीच खोली बघून ७ देतो. त्यामुळे एकूण गुणांपेक्षा अभिप्रायांतले शब्द कामाचे. मी स्वतः सर्वांत नवीन अभिप्राय आधी लावतो, गेल्या सहा महिन्यांपलीकडे जात नाही आणि त्यांतले कमी गुणांचे आधी वाचतो. एकाने गोंगाटाची तक्रार केली तर तो त्या रात्रीचा योगायोग असू शकतो. वेगवेगळ्या महिन्यांत चौघांनी रस्त्याकडच्या खोल्यांत झोप लागली नाही असं लिहिलं असेल, तर रस्त्याकडची खोली घ्यायची नाही. स्वच्छतेचं खरं चित्रही इथेच कळतं. खोली रोज झाडली-पुसली जाते हे तारे सांगतात. बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी आहे का, हे तिथे राहून आलेला माणूसच सांगतो.

फोर स्टारच्या अभिप्रायांत भाचीला ट्रामचा आवाज सापडला, तीन वेगवेगळ्या महिन्यांत. आणि एका वयस्कर बाईंनी लिहिलं होतं की बाथटबची कड उंच आहे, आत पाय टाकताना भीती वाटली. बाथटब असला की हॉटेलला गुण मिळतात. दुखऱ्या गुडघ्यांना मात्र जमिनीच्या पातळीवरचा शॉवर हवा असतो. जी सोय हॉटेलला गुण मिळवून देते, तीच ताईला अडचण ठरते, हे मला या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

शेवटी आम्ही दोन्ही हॉटेलांना एकच पत्र पाठवलं. त्यात पाच प्रश्न होते. रात्री साडेअकरानंतर पोहोचलो तर आत कसं यायचं? रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का? शॉवर जमिनीच्या पातळीवर आहे की बाथटबमध्ये? खोलीची खिडकी कोणत्या बाजूला उघडते? आणि हे सगळं बुकिंगच्या नोंदीत लेखी मिळेल का? चांगली खोली द्या, शांत खोली द्या असं आम्ही मोघम लिहिलं नाही. असल्या विनंतीला सगळीकडून होकारच येतो. आमच्या प्रश्नांना एक तर नेमकं उत्तर येणार होतं किंवा ते टाळल्याचं दिसणार होतं.

फोर स्टारचं उत्तर सभ्य होतं. रिसेप्शन रात्री १२ पर्यंत, लिफ्ट सगळ्या मजल्यांना. तिने निवडलेल्या वर्गात सगळ्या खोल्यांना बाथटब, शॉवरची खोली हवी असेल तर वरचा वर्ग घ्यावा लागेल. खिडकीची बाजू आधी सांगता येणार नाही.

थ्री स्टार सुपिरियरच्या मालकीणबाईंनी स्वतः उत्तर दिलं. रिसेप्शन ९ ला बंद होतं. दाराशेजारी भिंतीत किल्लीची पेटी आहे, तिचा अंकी कोड आदल्या दिवशी पाठवू, अडचण आली तर या क्रमांकावर रात्रीही फोन उचलला जातो. दारात तीन पायऱ्या आहेत, कठडा उजवीकडे. लिफ्ट तिसऱ्या पायरीनंतर सुरू होते, म्हणून तीन पायऱ्या चढाव्याच लागतील. अंगणाकडची, शॉवरची खोली राखून ठेवली आहे, आणि हे सगळं बुकिंगवर लिहिलं आहे.

तीन पायऱ्या ताईला जमण्यासारख्या होत्या. भाचीने थ्री स्टार घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी कोड आला, तो तिने फोनवर ठेवला आणि कागदावरही लिहून घेतला, कारण परक्या शहरात रात्री फोन चालेलच याची खात्री नव्हती.

विमान सव्वा तास उशिरा उतरलं. दोघी हॉटेलच्या दाराशी पोहोचल्या तेव्हा पाऊण वाजला होता, म्हणजे त्या वेळी फोर स्टारचंही रिसेप्शन बंद झालेलं असतं. भाचीने कागद काढला, पेटीवर कोड दाबला आणि ताई कठडा धरून तीन पायऱ्या चढली.